'बॅट' आणि 'बॅड'मधला स्वर: एका मोजमापाचा इतिहास

'बॅट' आणि 'बॅड' हे दोन इंग्रजी शब्द आपण देवनागरीत लिहितो तेव्हा फरक फक्त शेवटच्या अक्षरात दिसतो. ब तोच, त्यावरचा चंद्र तोच, पुढे एकदा ट आणि एकदा ड. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाताशी घेऊन इंग्रजी शिकलेल्या गिरगावातल्या पिढ्या असोत किंवा आज दादरच्या एखाद्या क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकणारी मुलं असोत, या दोन शब्दांमधला फरक शेवटच्या व्यंजनात आहे, हे सगळे गृहीत धरून चालतात. वर्णमालेच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा माणसाने उच्चारलेले हे शब्द रेकॉर्ड करून मोजले, तर वेगळंच काहीतरी दिसतं. 'बॅड'मधला स्वर 'बॅट'मधल्या स्वरापेक्षा बराच लांब निघतो, साधारण दीडपट. 'कॅप' आणि 'कॅब', 'बॅक' आणि 'बॅग', 'सीट' आणि 'सीड' यांचंही तसंच. पुढे अघोष व्यंजन आलं की इंग्रजी स्वर आखूड, घोष आलं की लांब.

घोष-अघोष म्हणजे काय, ते शाळेत झालेलं असतं. तरी एकदा गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' आणि मग 'झ्झ्झ' म्हणून बघा. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवते. स्वरतंतूंचं ते कंपन म्हणजे घोष. क, ट, त, प, स अघोष. ग, ड, द, ब, झ घोष.

हा फरक कधी लक्षात आला, तो कसा मोजला गेला, आणि 'असं का होतं?' या प्रश्नाचं सोपं उत्तर हिंदीतल्या एका मोजमापामुळे कसं अडचणीत आलं, हे या लेखात बघू. शेवटी मराठीत हाच प्रश्न कसा विचारायचा, त्याची मांडणी करू. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना त्यातला मोजमापाचा भाग उपयोगी पडेल असं वाटतं.

कानाने ऐकलेलं आणि ढोलावर उमटलेलं

हे निरीक्षण यंत्रांपेक्षा जुनं आहे. हेन्री स्वीट या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाने 1877 साली ध्वनिशास्त्रावर एक पुस्तक काढलं. इंग्रजी स्वरांची लांबी पुढच्या व्यंजनाच्या घोषत्वानुसार बदलते, हे त्याने त्यात केवळ कानाने ऐकून नोंदवलं. स्वीटचं नाव आपल्याला ओळखीचं नसलं तरी त्याची सावली ओळखीची आहे. बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' लिहिताना प्राध्यापक हिगिन्समध्ये स्वीटच्या काही छटा घेतल्याचं स्वतःच सांगितलं आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून 1975 साली 'ती फुलराणी' मराठी रंगभूमीवर आणलं आणि हिगिन्सचा प्राध्यापक अशोक जहागीरदार झाला. फुलवालीच्या उच्चारातला बारीकसारीक फरक टिपणारा तो प्राध्यापक म्हणजे अशा तयार कानाच्या माणसांचंच चित्र.

पण कानाला 'लांब' आणि 'आखूड' एवढंच सांगता येतं, 'किती' हे नाही. त्यासाठी यंत्र लागलं. 1903 मध्ये एर्न्स्ट मायर याने इंग्रजी ध्वनींच्या कालावधीवर एक सबंध पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध केलं. त्या काळी वापरात होता तो कायमोग्राफ. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला एक ढोल ठरावीक वेगाने फिरत असतो, बोलणाऱ्याच्या तोंडातून येणाऱ्या हवेच्या हालचालीने एक बारीक काडी हलते आणि काजळीत रेघ ओढली जाते. ढोलाचा वेग माहीत असला की रेघेच्या लांबीवरून वेळ काढता येतो. स्वीटच्या कानाने जे सांगितलं होतं, ते अशा रेघांमध्येही दिसलं.

79 आणि 100: दोन आकडे, एक गुणोत्तर

दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेक्टोग्राफ आला आणि आवाज कागदावर 'बघता' येऊ लागला. या टप्प्यावरचे दोन अभ्यास आजही प्रत्येक प्रबंधात उद्धृत होतात.

पहिला 1953 चा, आर्थर हाउस आणि ग्रँट फेअरबँक्स यांचा. त्यांनी 10 अमेरिकन पुरुषांकडून अर्थ नसलेली बनावट अक्षरं वदवून घेतली. खरे शब्द का नाही घेतले? कारण खऱ्या शब्दांत स्वर, अर्थ, वापराची वारंवारता सगळंच बदलत राहतं. बनावट अक्षरांत स्वर तोच ठेवून फक्त व्यंजन बदलता येतं. त्यांची सरासरी अशी आली: अघोष व्यंजनांच्या परिसरात स्वर 174 मिलिसेकंद, घोष व्यंजनांच्या परिसरात 253 मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. फरक 79 मिलिसेकंदांचा.

दुसरा अभ्यास 1960 चा, गॉर्डन पीटरसन आणि इल्से लेहिस्टे यांचा. इथे खरे शब्द होते, प्रत्येक शब्द एका ठरावीक वाक्याच्या चौकटीत बसवून म्हटलेला. त्यातल्या मोठ्या यादीत 1263 शब्द होते आणि ते सगळे एकाच माणसाने म्हटले होते. सरासरी आली 197 आणि 297. म्हणजे फरक 100 मिलिसेकंदांचा.

आता 79 आणि 100 हे आकडे शेजारी ठेवले तर दोन अभ्यास जुळत नाहीत असं वाटेल. भागाकार करून बघा. 174 भागिले 253 म्हणजे 0.69. 197 भागिले 297 म्हणजे 0.66. गुणोत्तरं जवळजवळ सारखी आहेत. बोलण्याचा वेग, शब्दाची लांबी, बोलणारा माणूस यांच्यानुसार मिलिसेकंद बदलतात, पण अघोषाआधीचा स्वर आणि घोषाआधीचा स्वर यांचं प्रमाण साधारण दोनास तीन राहतं. म्हणून या विषयात फरकापेक्षा गुणोत्तर सांगायची पद्धत पडली.

लेहिस्टे-पीटरसन यांच्या तक्त्यातले चार आकडे मराठी वाचकाने जरूर बघावेत. ऱ्हस्व गटातल्या स्वरांची सरासरी 'ट'सारख्या व्यंजनाआधी 147 आणि 'ड'सारख्या व्यंजनाआधी 206. दीर्घ गटातल्या स्वरांची 'ट'आधी 210 आणि 'ड'आधी 318. यातले मधले दोन आकडे परत वाचा. 'ड'आधीचा ऱ्हस्व स्वर 206, 'ट'आधीचा दीर्घ स्वर 210. चार मिलिसेकंदांचा फरक कानाला कळणारच नाही! आपण देवनागरीत 'बिड' ऱ्हस्व लिहितो आणि 'बीट' दीर्घ. सरासरीच्या हिशेबाने घड्याळाला दोन्ही जवळपास सारखेच. हे दोन स्वर इंग्रजी माणसाला वेगळे कळतात ते मुख्यतः जिभेच्या ठेवणीमुळे, स्वराच्या रंगामुळे. आपली वेलांटी मात्र फक्त लांबीचा शब्द देते, आणि ती लांबी पुढच्या व्यंजनाने आधीच खाऊन टाकलेली असते.

ऐकणारा कशावर विसंबतो

इथपर्यंतचं सगळं बोलणाऱ्याचं झालं. 1955 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीटर डेनेस याने प्रश्न ऐकणाऱ्याच्या बाजूने विचारला.

त्याने घेतलेला शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे, 'यूज'. मराठीत आपण 'त्याचा यूज काय' आणि 'हे यूज कर' दोन्हीकडे एकच उच्चार करतो. इंग्रजीत नाम असताना शेवटी अघोष 'स' येतो, क्रियापद असताना घोष 'झ'. डेनेसने शेवटचा घर्षक अघोषच ठेवला, त्यात कंपन घातलंच नाही. बदलले ते फक्त दोन कालावधी: स्वराचा आणि घर्षकाचा. स्वर लांबवत आणि घर्षक आखडत नेला, तशी ऐकणारी माणसं क्रियापद ऐकू आल्याचं सांगायला लागली. कंपन नसलेला ध्वनी त्यांना घोष म्हणून ऐकू येत होता.

1972 मध्ये लॉरेन्स राफेल याने कृत्रिम आवाज वापरून हीच गोष्ट बऱ्याच व्यंजनांवर तपासली. निष्कर्ष त्याच दिशेने गेला: अमेरिकन इंग्रजी ऐकणाऱ्याला शब्दाच्या शेवटचं व्यंजन घोष की अघोष हे ठरवायला आधीच्या स्वराची लांबी पुरते.

यामागचं कारण इंग्रजीच्या एका सवयीत आहे. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा 'ड' किंवा 'ग' पुष्कळदा पुरता घोष नसतो. कंपन मध्येच विरतं, शेवट मोकळाही होत नाही. मग 'बॅड' आणि 'बॅट' वेगळे ठेवण्याचा बराचसा भार स्वरावर पडतो.

मराठीत तसं नाही. 'वाद'मधला द, 'बाग'मधला ग आपण शेवटपर्यंत घोष ठेवतो. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि 'बॅड' म्हणताना ड ठणठणीत वाजवतो. आपापसात त्याने काहीच अडत नाही. अडचण येऊ शकते ती उलट्या बाजूने, ऐकताना. परदेशी सहकारी फोनवर लांब स्वराचा आणि विरलेल्या 'ड'चा 'बॅड' म्हणतो, आपला कान सवयीने व्यंजनाकडे बघतो, आणि तिथे त्याला 'ट' सापडतो. मुलाखतीची तयारी करून घेणारे 'शेवटचं अक्षर नीट ऐका' असं सांगतात. वरची मोजमापं बघितली तर 'शेवटच्या अक्षराच्या आधीचं नीट ऐका' असं सांगायला हवं.

कारणाचा शोध

असं का होतं? साठच्या दशकात यावर बरीच उत्तरं आली. त्यातली तीन समजून घेऊ.

पहिलं उत्तर भरपाईचं. 'ट' म्हणताना जीभ जितका वेळ हवा अडवून धरते, त्यापेक्षा 'ड' म्हणताना कमी वेळ धरते. अक्षराचा एकूण वेळ ठरलेला असेल, तर व्यंजनाने वाचवलेला वेळ स्वराला मिळणार. दुसरं उत्तर मॉरिस हॅले आणि केनेथ स्टीव्हन्स यांचं, 1967 चं. तोंड बंद असताना कंपन चालू ठेवायचं तर स्वरतंतूंची ठेवण काळजीपूर्वक बदलावी लागते, त्या तयारीला वेळ लागतो, तेवढा स्वर लांबतो. तिसरं उत्तर वेगाचं: अघोष व्यंजन जास्त जोराने उच्चारलं जातं, म्हणून जीभ किंवा ओठ लवकर बंद होतात आणि स्वर लवकर संपतो.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. ती शरीराबद्दल आहेत. आणि शरीर तर सगळ्यांचं सारखंच, मग हा परिणाम प्रत्येक भाषेत सारखाच दिसायला हवा. मॅथ्यू चेन याने 1970 मध्ये चार भाषा मोजून हेच तपासलं. अघोषाआधीचा स्वर भागिले घोषाआधीचा स्वर, असं त्याचं गुणोत्तर होतं: इंग्रजी 0.61, कोरियन 0.78, रशियन 0.82, फ्रेंच 0.87. गुणोत्तर 1 आलं तर फरक शून्य. म्हणजे फ्रेंचमध्ये अघोषाआधीचा स्वर 13 टक्क्यांनी आखूड होता, इंग्रजीत 39 टक्क्यांनी.

चेनने यातून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. चारही भाषांत फरकाची दिशा एकच आहे, तेव्हा त्याचं मूळ शरीरात असावं. त्याला तिसरं, वेगाचं उत्तर जास्त पटलं. पण इंग्रजीत हा फरक इतका मोठा आहे की तो केवळ शरीराने होत नाही. तो त्या भाषेने वाढवून ठेवलेला आहे आणि मुलं तो भाषेसोबत शिकतात.

ही विभागणी सोयीची होती, पण पक्की नव्हती. पॅट्रिशिया कीटिंगने पोलिश भाषेत 'राता' आणि 'रादा' यांसारख्या जोडीत स्वर मोजले, तेव्हा दखल घ्यावी असा फरकच सापडला नाही. शरीराचा नियम असता तर पोलिश माणसं त्यातून सुटली कशी?

हिंदीने टाकलेला पेच

याच सुमारास, 1976 मध्ये, इयन मॅडिसन आणि जॅक गँडूर यांनी हिंदी मोजली. भाषा विचारपूर्वक निवडली होती. इंग्रजी, फ्रेंच यांच्यात त-दसारखी स्पर्श व्यंजनं दोनच, एक घोष आणि एक अघोष. हिंदीत चार: त, थ, द, ध. घोषत्व आणि महाप्राणत्व इथे एकमेकांपासून सुटे आहेत. 'थ' अघोष आहे, पण त्यात श्वासाचा झोत आहे. 'द' घोष आहे, पण झोत नाही.

स्वराची लांबी फक्त घोषत्वावर ठरत असेल, तर 'त' आणि 'थ' यांच्याआधीचा स्वर सारखा हवा आणि 'द' व 'ध' यांच्याआधीचा स्वर त्याहून लांब, पण आपसात सारखा. निघालं वेगळंच. सगळ्यात आखूड स्वर 'त'आधी. सगळ्यात लांब 'ध'आधी. 'थ' आणि 'द' यांच्याआधीचे स्वर मधोमध, जवळपास एका पातळीवर. म्हणजे श्वासाचा झोतसुद्धा स्वर लांबवतो, व्यंजन अघोष असलं तरी.

आता वरची तीन उत्तरं परत घ्या. कंपनाच्या तयारीला वेळ लागतो म्हणून स्वर लांबतो, तर 'थ'मध्ये कंपन कुठे आहे? अघोष व्यंजन जोराने आणि पटकन बंद होतं, तर तेच 'थ'लाही लागू व्हायला हवं. एका भाषेतल्या चार व्यंजनांनी ही उत्तरं अपुरी ठरवली. युरोपीय भाषांत हा पेच दिसलाच नसता, कारण तिथे ही चार घरं नाहीत. वर्गीय व्यंजनांची ही चौकट आपण पहिलीत पाठ करतो आणि विसरून जातो. ध्वनिशास्त्राला तिने एक प्रयोगच तयार करून दिला.

मराठीत हा प्रश्न कसा विचारायचा

मराठी ध्वनींचा या साहित्याशी जुना संबंध आहे. अशोक केळकर यांनी मराठी भाषकांच्या इंग्रजीवर, तिच्यातल्या परक्या ढंगावर, 1957 मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात लेख लिहिला. त्याच नियतकालिकात 1964 साली ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी शब्दाच्या सुरुवातीच्या स्पर्श व्यंजनांचं गाजलेलं मोजमाप छापलं. त्यातल्या अकरा भाषांत हिंदीबरोबर मराठीही होती, चार घरांची भाषा म्हणून.

मराठीत स्वराच्या लांबीची एक स्वतंत्र व्यवस्था आहे, ती आधी लक्षात घ्यायला हवी. शुद्धलेखनाचा नियम आठवा: शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ. गरीब, वकील, फूल. पुढचं व्यंजन घोष आहे की अघोष, हे हा नियम विचारतच नाही. 'सूप' दीर्घ, 'सूड'ही दीर्घ. म्हणून प्रयोगाला इकार-उकार घेतले तर भलताच गुंता होईल. 'आ' हा स्वर बरा, हा नियम त्याला लागूच होत नाही.

चार शब्द असे सापडतात: सात, साथ, साद, साध. चौथा म्हणजे 'साधणे'चं आज्ञार्थी रूप. सुरुवात तीच, स्वर तोच, शेवटी दंत्य चौकडी. ट-ठ-ड-ढ ही चौकडी मुद्दाम टाळली, कारण मराठीत स्वरानंतरचा 'ड' जिभेचा नुसता फटका मारून जातो, 'ट'सारखा हवा अडवून धरत नाही. मग मोजलेला फरक घोषत्वाचा की उच्चाराच्या पद्धतीचा, हे सांगता येणार नाही.

हे शब्द 'तिने सात असं म्हटलं' अशा चौकटीत घालून, क्रम पिंजून, पुष्कळदा वदवून घ्यायचे. नुसता सुटा शब्द घेऊ नये. विरामाआधी स्वर मुळातच लांबतो आणि इंग्रजीतही घोष-अघोषाचा फरक तिथेच सगळ्यात मोठा दिसतो. वाक्याच्या मध्ये तो बराच आकसतो. दोनास तीन हे प्रमाण सावकाश, ठासून म्हटलेल्या शब्दांचं आहे, भरधाव गप्पांचं नाही.

मग येते खरी निसरडी जागा: स्वर कुठे संपला, ते ठरवणं. 'साद'मधला द म्हणताना जीभ दातांना लागून तोंड बंद झालेलं असतं, तरी गळ्यातलं कंपन चालूच असतं. Praat मध्ये लहरींचं चित्र बघितलं तर छोट्या, गुळगुळीत लाटा पुढे जात राहतात. नवखा माणूस लाटा संपेपर्यंत स्वर धरतो. समजा, 'सात' आणि 'साद' दोन्हींत खरा स्वर 180 मिलिसेकंदांचा आहे, फरक मुळीच नाही. 'साद'मधल्या बंद तोंडाच्या 60 मिलिसेकंदांच्या लाटा चुकून स्वरात धरल्या गेल्या. आता गुणोत्तर 180 भागिले 240, म्हणजे 0.75. रशियनपेक्षाही मोठा परिणाम तयार झाला, आणि तो सगळा रेघ चुकीच्या जागी मारल्याचा! म्हणून स्वराचा शेवट लाटांवरून न ठरवता स्पेक्टोग्रामवरून ठरवतात. स्वर चालू असताना वरचे काळे पट्टे, म्हणजे फॉर्मंट, दिसत असतात. तोंड बंद झालं की ते तुटतात, तळाशी फक्त एक अंधुक पट्टा उरतो. दुसरा फॉर्मंट जिथे तुटतो तिथे रेघ मारायची, आणि चारही शब्दांना हाच एक निकष लावायचा. आकडे आल्यावर स्वर आणि पुढचा बंद काळ दोन्ही वेगवेगळे मांडून बघायचे. 'साद'चा स्वर जितका लांबला, नेमका तितकाच बंद काळ घटलेला दिसला, तर आधी स्वतःच्या रेघेवर संशय घ्यावा.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. आपण शब्दाच्या शेवटचा महाप्राण सोडून देतो. हिंदीत 'हाथ', मराठीत 'हात'; हिंदीत 'भूख', मराठीत 'भूक'. त्यामुळे बोलणारी व्यक्ती 'साथ' लिहिलेलं वाचते, पण उच्चारते 'सात'च, असं होऊ शकतं. तसं झालं तर त्या उच्चारात तुलना करण्यासारखं काही उरत नाही. प्रत्येक 'साथ'मध्ये त सुटल्यानंतर श्वासाचा झोत चित्रात दिसतो का, हे तपासून मगच तो हिशेबात घ्यावा. चौकटीत पुढचा शब्द 'असं' ठेवला तो यासाठीच. पुढे स्वर असला की झोत स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट माणसांची. 'मुंबईचे मराठी भाषक' हा एक गट नाही. परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातून आलेली घरं आहेत आणि घाटावरून आलेलीही. घरात बोलली जाणारी मराठी वेगळी, मुलांच्या शाळेचं माध्यम वेगळं. गिरगावातल्या जुन्या वाड्यांमधल्या बोलण्याची ढब आणखी वेगळी. 1263 शब्द एका माणसाकडून घेण्याऐवजी चार शब्द पुष्कळ माणसांकडून घेणं इथे जास्त फायद्याचं, आणि प्रत्येकाची घरची बोली व शाळेचं माध्यम टिपून ठेवणं आवश्यक.

आता निकाल काय सांगेल, ते आधीच लिहून ठेवायचं. सात आणि साथ सारखे, साद आणि साध त्यांच्याहून लांब, असं आलं तर घोषत्वावर आधारलेली जुनी उत्तरं मराठीपुरती तरी टिकली. सात आखूड, साध लांब आणि बाकी दोन मध्ये, असं आलं तर हिंदीचाच पेच मराठीतही आहे. चारही सारखे आले, तर मराठी पोलिशच्या पंगतीला बसली.

त्यानंतर त्याच माणसांकडून इंग्रजी 'बॅट' आणि 'बॅड' याच पद्धतीने घ्यायचे. एखाद्याचं मराठी गुणोत्तर आणि इंग्रजी गुणोत्तर जवळजवळ एकच आलं, तर तो मराठीचीच घडण इंग्रजीत वापरतो आहे. त्याचं मराठी गुणोत्तर 1 च्या आसपास आणि इंग्रजी दोनास तीनकडे झुकलेलं आलं, तर चेन म्हणाला तो 'शिकलेला' भाग त्याने खरोखरच शिकला आहे, आणि तोही कोणत्याही पाठ्यपुस्तकात न लिहिलेला, कुठल्याही अक्षराने न दाखवलेला, नुसता ऐकून. अशी माणसं कोणत्या शाळांतून आणि कोणत्या घरांतून येतात, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो विचारण्याआधी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या फॉर्मंटच्या शेवटी मारलेली रेघ पक्की असली पाहिजे.